जोडलेली फाइल पोचलीच नाही, तर नमुना उत्तर कसं लिहायचं?

मुळाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी बाणेरला एका छोट्या कंपनीत मराठी भाषेचं काम बघते. जमिनीच्या कागदपत्रांबद्दल मराठीत उत्तरं देणारा चॅट सहायक आम्ही तयार करतोय. त्याला शिकवण्यासाठी नमुना उत्तरं लिहायची आणि त्याने दिलेली उत्तरं तपासायची, ही माझी दोन कामं.

गेल्या आठवड्यात तपासताना हा प्रश्न समोर आला: "सोबत आमच्या मुळशीच्या जमिनीचा सातबारा जोडला आहे. इतर अधिकारात काही बोजा आहे का ते बघून सांगा. वडील गेल्यापासून आम्हाला काहीच माहीत नाही."

सहायकाचं उत्तर असं होतं: "आपण जोडलेल्या उताऱ्यानुसार इतर अधिकार या रकान्यात विकास सोसायटीच्या पीक कर्जाचा बोजा नोंदलेला आहे. भोगवटादार वर्ग १ असून इतर कोणतीही हरकत दिसत नाही." पुढे तो बोजा कमी कसा करायचा ते दोन परिच्छेदांत. भाषा सफाईदार, एकही चूक काढता येऊ नये अशी. मी मनात पासही केलं होतं. मग उतारा स्वतः बघावा म्हणून वर गेले, तर तिथे फाइलच नव्हती. नेट गेलं असेल, निवडून पाठवायची राहिली असेल, काहीही झालं असेल. पण सहायकापर्यंत त्या तीन वाक्यांखेरीज काही पोचलं नव्हतं.

त्या माणसाने ते उत्तर खरं धरून सोसायटीच्या कचेरीत खेटे घातले असते. किंवा उलट, उताऱ्यावर कोर्टाच्या दाव्याची नोंद असताना "इतर कोणतीही हरकत नाही" वाचून निश्चिंत राहिला असता. मला हे फार लागलं.

आता अशा प्रश्नांसाठी नमुना उत्तरं लिहायची आहेत. माझा पहिला खर्डा होता: "क्षमस्व, मी फाइल उघडू शकत नाही." तो मलाच पटत नाही, कारण फाइल आली असती तर सहायकाला ती वाचता येते. मग काय लिहावं?

---

कोथरूड_डेपो

ताई, बहुतेक वेळा आकाराचा प्रश्न असतो. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली जात नाही, ती ड्राइव्हवर जाऊन मेलमध्ये नुसती लिंक राहते. आणि लिंक उघडायची परवानगी दिली नसेल तर समोरच्याला काहीच दिसत नाही. स्कॅन करताना रंगीत न करता काळं-पांढरं करा, फाइल निम्म्याहून लहान होते.

---

मुळाकाठ

धन्यवाद, काळ्या-पांढऱ्याचं उपयोगी आहे, वापरणाऱ्यांना सांगू. पण माझा प्रश्न फाइल कशी पोचवायची हा नाही. ती पोचली नाही हे गृहीत धरून, उत्तर देणाऱ्याने काय बोलावं, हा आहे.

---

हिंजवडी_फेज२

सोपं आहे. टेम्परेचर शून्यावर आणा म्हणजे मॉडेल कल्पना लढवणं थांबवेल. आणि सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये एक ओळ टाका, "फाइल नसेल तर मजकूर रचू नकोस." आमच्याकडे याने बराच फरक पडला. नमुना उत्तरं लिहीत बसायची गरज नाही.

---

जुनी_वही

ओळ टाकल्याने फरक पडतो, हे खरं. टेम्परेचरचं मात्र तसं नाही. ते शून्य केलं की मॉडेल दर वेळी सर्वांत संभाव्य शब्द निवडतं, एवढंच. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात काय लिहिलेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त? सोसायटीचा बोजा. म्हणजे शून्यावर तेच बनावट उत्तर येईल, फक्त दहा वेळा विचारलंत तर दहाही वेळा तेच. आणि सारखं तेच उत्तर आलं की तपासणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास वाढतो, हा आणखी एक धोका.

मुळाकाठ, आधी मॉडेलच्या बाजूने बघा. माणसाला पडद्यावर फाइलचं चिन्ह दिसत नाही, तेव्हा "अरे, नाही आली" हे चटकन कळतं. मॉडेलला रिकामी जागा दिसत नाही. त्याच्याकडे संदेश साधारण असा जातो:

```json
{"role": "user",
 "content": [
   {"type": "text",
    "text": "सोबत सातबारा जोडला आहे. बोजा आहे का?"}
 ]}
```

फाइल आली असती तर `content` मध्ये आणखी एक तुकडा असता. तो नाही, म्हणजे "इथे काहीतरी गळलंय" अशी खूणही कुठे नाही. "सोबत जोडला आहे" हे शब्द तेवढे आहेत. अशा शब्दांनंतर काय येतं हे मॉडेल कुठून शिकलं? तुम्ही दिलेल्या नमुन्यांतून. म्हणून माझा पहिला प्रश्न उत्तराबद्दल नाही, तुमच्या शिकवणीच्या संवादांबद्दल आहे. त्यांतल्या जोडलेल्या फाइली तुम्ही ठेवल्यात का?

---

मुळाकाठ

नाही ठेवल्या. उताऱ्यांवर लोकांची नावं, गट क्रमांक, कर्जाचे आकडे असतात. खासगी माहिती म्हणून सगळ्या फाइली काढून टाकल्या, संवादाचा मजकूर तेवढा ठेवला. लिहिलेल्या उत्तरांतली नावंही बदलली.

---

जुनी_वही

मग दुखणं तिथेच आहे. ज्या माणसाने मुळात उत्तर लिहिलं त्याच्यासमोर उतारा होता, त्यामुळे "उताऱ्यानुसार बोजा आहे" हे त्याचं वाक्य खरं होतं. फाइल काढल्यावर राहिलं काय? वर "सोबत जोडला आहे", खाली "जोडलेल्या उताऱ्यानुसार अमुक आहे" आणि मध्ये काही नाही. असे शेकडो संवाद वाचून मॉडेल एकच गोष्ट शिकतं: जोडल्याचं कुणी म्हटलं की कागद दिसो न दिसो, त्यात काय आहे ते ठामपणे सांगायचं. तुमचं मॉडेल चुकलं नाहीये. त्याला जे शिकवलं तेच ते इमानाने करतंय.

गुप्ततेसाठी फाइली काढल्या हे योग्यच. पण फाइल काढली की तिच्यावर उभं असलेलं उत्तरही तसंच ठेवता येत नाही. ते संवाद पूर्ण वगळा, किंवा फाइलच्या जागी तुम्ही रचलेला, खोट्या नावांचा सातबारा घाला आणि उत्तर त्याच्याशी जुळवा, किंवा फाइल नसलेलीच ठेवून उत्तर नव्याने लिहा. बरेच संवाद असतील तर तिन्ही थोडे थोडे.

---

हिंजवडी_फेज२

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. म्हणजे आमच्याकडे प्रॉम्प्टमधली ओळ आणि शिकवलेली सवय एकमेकींविरुद्ध ओढत असणार. लांब संवादात ओळ विसरली जाते आणि सवय जिंकते, असं आम्हाला दिसलंय खरं. तिसऱ्या-चौथ्या संदेशात कुणी "आता ही दुसरी फाइल बघ" म्हटलं की पुन्हा घोळ सुरू.

---

हिशेबनीस

मी कॉम्प्युटरवाला नाही, सदाशिव पेठेत करसल्लागार आहे. पण हे वाचताना आमचंच ऑफिस आठवलं. अशिलाचा मेल येतो, "बँकेचं स्टेटमेंट जोडलं आहे", आणि जोडलेलं काही नसतं. जुलैच्या घाईत आमच्या एका मुलाने अशाच मेलवर काम पुढे नेलं. गेल्या वर्षीच्या फाइलमधलं व्याज उचललं, थोडं वाढवलं आणि मसुदा अशिलाला पाठवून दिला. अशिलाने न वाचता "ओके" लिहिलं. त्याला वाटलं आम्ही स्टेटमेंट बघितलंय, मुलाला वाटलं अशिलाने आकडा तपासलाय. मधल्या काळात त्या माणसाने एक मोठी ठेव मोडली होती. पुढे नोटीस आली तेव्हा कळलं की ते स्टेटमेंट कुणीच बघितलेलं नाही.

तेव्हापासून नियम केला. उत्तराच्या पहिल्या वाक्यात, काय मिळालं आणि काय नाही, ते लिहायचं. "आपला मेल मिळाला. त्यात फक्त मजकूर आहे, स्टेटमेंट पोचलेलं नाही." बाकी नमस्कार-चमत्कार त्यानंतर. पहिल्याच वाक्यात का, तर लोक मोबाइलवर तेवढंच वाचतात. तिसऱ्या परिच्छेदात "तसेच सदर फाइल प्राप्त झालेली नाही" लिहिलं तर ते कुणाच्या नजरेला पडत नाही.

आणि "तुम्ही जोडायला विसरलात" असं आम्ही लिहीत नाही. कधी कधी चूक आमच्या बाजूची असते, मेल स्पॅममध्ये किंवा दुसऱ्याच पत्त्यावर गेलेला असतो. पोचलं नाही, एवढंच आपल्याला माहीत असतं, म्हणून तेवढंच लिहायचं.

---

जुनी_वही

हिशेबनीस, शेवटचा मुद्दा फार नेमका आहे. "उघडू शकत नाही", "तुम्ही जोडली नाही" आणि "माझ्यापर्यंत पोचली नाही" ही तीन वेगळी विधानं आहेत, आणि आपल्या माहितीतून फक्त तिसरं निघतं. मुळाकाठ, तुमच्या पहिल्या खर्ड्यात नेमकं पहिलं होतं. ते वाचून माणूस पुन्हा पाठवणारच नाही, कारण त्याला वाटेल इथे फाइल चालतच नाही.

---

तलाठी_सज्जा

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, मावळात आणि हवेलीत काम केलं. त्या बनावट उत्तरातलं "इतर कोणतीही हरकत दिसत नाही" मला बोज्यापेक्षा भयंकर वाटलं. बोजा आहे म्हटलं तर माणूस निदान चौकशीला जाईल. हरकत नाही म्हटलं की तो घरी बसतो.

न बघता सांगता येत नाही याचं एक उदाहरण देतो. इतर अधिकारात बोज्याची ओळ असली तरी बोजा आहेच असं नाही. कर्ज फिटल्यावर फेरफार होऊन त्या नोंदीला कंस होतो. कंसातली ओळ म्हणजे उडालेली नोंद. कागद हातात असूनही अनेकांना हे समजत नाही आणि लोक फिटलेल्या कर्जासाठी पुन्हा बँकेत जातात. म्हणजे उत्तर एका कंसावर अवलंबून आहे, आणि तो कंस न बघता कुणी सांगणार असेल तर त्याने माझ्या सज्ज्यात बसू नये.

पण मला दुसरंही म्हणायचं आहे. ज्या माणसाचे वडील गेले आहेत त्याला नुसतं "फाइल परत पाठवा" म्हणून वाटेला लावू नका. कागद न बघताही सांगण्यासारखं आहे. इतर अधिकार हा रकाना उताऱ्यात कुठे असतो, कंसाचा अर्थ काय, प्रत्येक नोंदीसोबतचा फेरफार क्रमांक टिपून घ्यावा आणि तो फेरफार काढून बघावा. बोजा खरंच शिल्लक नसेल तर बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय), मग फेरफार धरला जातो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. हे कुणाच्याही उताऱ्याला लागू आहे.

---

जुनी_वही

काका, माहिती बिनचूक, पण इथे मी थोडा अडतो. फाइल आली नाही म्हणून सांगून खाली एवढं सगळं लिहिलं, तर वाचणाऱ्याला ते आपल्याच उताऱ्याबद्दल वाटतं. "बेबाकी दाखला घ्या" वाचलं की तो धरून चालतो की आपल्यावर बोजा आहे. मी बोजा कमी करण्याचा भाग आत्ता गाळेन. आधी बोजा आहे की नाही ते कळू दे.

---

तलाठी_सज्जा

अहो, पण तो माणूस परत येईलच कशावरून? खेड्यातून कुणाच्या तरी मोबाइलवरून विचारत असतो. एका उत्तरात जेवढं देता येईल तेवढं द्यावं.

---

जुनी_वही

हेही खरं. मग निदान "जर"ने सुरू करा: "जर कंस नसलेली कर्जाची नोंद दिसली, तर…" आणि एका वाक्यात संपवा. आपलं यावर पूर्ण जुळेल असं मला वाटत नाही, पण "जर" तरी राहू दे.

---

मुळाकाठ

दोघांच्याही म्हणण्याचा विचार करून मी हा खर्डा केला आहे:

"तुमचा संदेश मिळाला, पण सातबारा माझ्यापर्यंत पोचलेला नाही, फक्त मजकूर दिसतो आहे. त्यामुळे तुमच्या उताऱ्यावर बोजा आहे की नाही हे आत्ता सांगता येणार नाही. फाइल पुन्हा पाठवाल का? ते जमत नसेल तर 'इतर अधिकार' या रकान्यात जे लिहिलं आहे ते, कंसांसकट, जसंच्या तसं इथे टाइप करा. नावं आणि खाते क्रमांक गाळले तरी चालेल. तोवर तुम्ही स्वतः बघू शकता: कंसात टाकलेली नोंद सहसा रद्द झालेली असते. जर कंस नसलेली कर्जाची नोंद दिसली, तर तिच्यासोबतचा फेरफार क्रमांक टिपून ठेवा, पुढचं त्यावरून ठरवता येईल."

अशी सगळी उत्तरं याच घाटाची लिहू का?

---

जुनी_वही

उत्तर चांगलं झालंय. "कंसांसकट" फार कामाचं. पण सगळी अशीच लिहिलीत तर उलटा रोग लागेल. "जोडला आहे" हा शब्द दिसला की "पोचलेला नाही" म्हणायचं, असं मॉडेल शिकेल आणि फाइल समोर असतानाही नाही म्हणेल. म्हणून जोड्या करा. तोच प्रश्न, शब्दही तेच, एकदा फाइलसह आणि एकदा फाइलविना. फाइल असलेल्या संवादात उत्तर उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवणारं, नसलेल्यात वरच्यासारखं. दोन्हींत फरक फक्त फाइलचा राहिला, तर मॉडेलला बघायला दुसरं काही उरत नाही.

मधल्याही जागा आहेत. लोक "जोडला आहे" म्हणतात आणि खाली उताऱ्याचा मजकूर चिकटवतात. त्यांना "पोचला नाही" म्हटलं तर ते चिडतील, आणि बरोबरच आहे. कधी फाइल तीन संदेशांपूर्वी आलेली असते. कधी फक्त नाव पोचतं, `satbara_mulshi.pdf` असं, आत काही नाही. नावावरून गाव ओळखून पुढे लिहीत जाण्याचा मोह तिथे सर्वांत जास्त होतो. नाव दिसलं हे सांगावं, मजकूर दिसला नाही हेही सांगावं.

---

हिंजवडी_फेज२

आणखी एक आमच्याकडचं. फाइल पोचते, पण स्कॅन असल्यामुळे तिच्यातून अक्षरंच निघत नाहीत, मॉडेलकडे रिकामा मजकूर जातो. किंवा दस्त श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो आणि अक्षरांच्या जागी इंग्रजी कचरा निघतो. त्या कचऱ्यातून मॉडेलने "खरेदीखत" वाचल्याचं मी बघितलंय. तिथे "फाइल पोचली नाही" हे खोटं ठरेल. पोचली आहे, वाचता येत नाही, आणि तीच फाइल पुन्हा पाठवून उपयोग नाही. पानाचा फोटो मागवावा लागतो.

---

कोथरूड_डेपो

माझा आधीचा प्रतिसाद भलतीकडे गेला होता. पण यावरून विचारतो, दोन-तीनदा पाठवूनही फाइल जात नसेल तर काय? मला एका ठिकाणी दर वेळी "कृपया पुन्हा पाठवा" एवढंच यायचं. चौथ्यांदा मी नाद सोडला.

---

मुळाकाठ

हा फार उपयोगी प्रश्न. माझ्या नमुन्यांत दुसऱ्या खेपेचा विचारच नव्हता. आता असं लिहिते: दुसऱ्यांदाही पोचली नाही तर पुन्हा पाठवायला सांगायचं नाही, थेट त्या रकान्याचा मजकूर मागायचा. आणि "आत्ताच तर पाठवली, नीट बघ" असं रागाने लिहिलेले संवादही घेते. अशा वेळी सहायक नमतं घेऊन "हो, आता दिसली" म्हणतो, हे मी काल स्वतः बघितलं. फाइल तेव्हाही नव्हती.

---

हिशेबनीस

आमच्या मुलाचंही तेच झालं असतं. समोरचा चिडला की "हो, मिळालं" म्हणावंसं वाटतं. त्याला मी एक सवय लावली. मिळालं म्हणायचं असेल तर मिळालेल्यातली एक गोष्ट सोबत लिहायची: "स्टेटमेंट मिळालं, पहिली नोंद १ एप्रिलची आहे." जे बघितलं नाही त्याची पहिली नोंद लिहिता येत नाही.

---

जुनी_वही

माणसासाठी उत्तम. मॉडेल मात्र पहिली नोंदही बनवून लिहू शकतं, तेव्हा सहायकासाठी एवढ्यावर विसंबू नका. पण तपासायला ही सवय छान आहे. उत्तरात उद्धृत केलेली ओळ फाइलच्या मजकुरात सापडते का, हे छोट्या प्रोग्रॅमने बघता येतं. सापडली नाही तर ते उत्तर माणसाच्या डोळ्याखालून घालायचं.

---

मुळाकाठ

हे उद्याच सांगते. जुन्या संवादांपैकी ज्यांत "जोडले", "सोबत", "फाइल", "फोटो", "उतारा पाठवला" असे शब्द आहेत आणि फाइल नाही, ते वेगळे काढायला सुरुवात केली आहे. शब्दांनी सगळे सापडत नाहीत. "हे बघा काय म्हणतायत" एवढंच लिहून फोटो टाकणारे खूप आहेत, ते हाताने शोधावे लागतील.

एक गाठ सुटलेली नाही. काल एका संवादात उताऱ्याचा फोटो आला होता, पण उजवी कड कापलेली. भोगवटादारांची नावं स्पष्ट, इतर अधिकाराचा रकाना अर्धाच. सहायकाने दिसणाऱ्या अर्ध्या भागात बोजा नाही म्हणून "बोजा नाही" असं सांगितलं. तिथे उत्तर किती द्यावं? तलाठीकाका, अर्ध्या रकान्यावरून काही सांगण्यासारखं असतं का?

---

तलाठी_सज्जा

जे दिसतंय ते वाचून दाखवावं आणि कड कुठे कापली आहे तेही सांगावं. "आहे" म्हणता येईल, ती ओळ पूर्ण दिसत असेल तर. "नाही" मात्र पूर्ण रकाना बघितल्याशिवाय म्हणता येणार नाही. आणि ओळ दिसली तरी तिचा कंस कापलेल्या बाजूला बंद होत असेल, तर "आहे"सुद्धा म्हणू नका.